तारीखवार बॅकअप

संगणकातील कामाच्या फायलींची ठरावीक दिवशी काढलेली आणि नंतर न बदलणारी राखीव प्रत म्हणजे तारीखवार बॅकअप. तीन प्रती, दोन प्रकारची साठवण, त्यातली एक प्रत जागेबाहेर, असा ‘तीन-दोन-एक’ नियम याच कामासाठी सांगितला जातो. तो अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झाला. मात्र हा नियम पाळूनही फाइल कायमची जाऊ शकते, कारण त्यात प्रतींची संख्या आहे, प्रती कधीच्या आहेत हे नाही.

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एखाद्या करसल्लागाराचे कार्यालय डोळ्यांसमोर आणावे. टॅलीचा डेटा, एक्सेलच्या फायली आणि पक्षकारांची स्कॅन केलेली कागदपत्रे मिळून १२ जीबी होतात. हे सगळे D: वर Kaam या फोल्डरमध्ये आहे, गुगल ड्राइव्हशी जोडलेले आहे आणि दर सोमवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवले जाते. म्हणजे प्रती तीन. गुरुवार, ८ मे २०२५ रोजी मदतनिसाकडून एका पक्षकाराचे फोल्डर चुकून उडाले आणि विवरणपत्र भरायच्या घाईत, २१ जुलैला, ते लक्षात आले असे समजू. ड्राइव्ह ही सिंकची सोय आहे. इथे पुसलेले तिथेही पुसले जाते आणि ३० दिवसांनी तिथल्या कचरापेटीतूनही जाते. हार्ड डिस्कवर प्रत विंडोजमधल्या robocopy या प्रत काढणाऱ्या प्रोग्रामला `/MIR` लावून होत असेल, तर ती मूळ फोल्डरची हुबेहूब नक्कल असते. मुळात नाही ते नकलेतूनही काढले जाते. त्यामुळे १२ मेच्या सोमवारी तेही फोल्डर गेले. तीन प्रती होत्या, पण तिन्हींनी एकच चूक इमानेइतबारे गिरवली.

उपाय साधा आहे: दर सोमवारी नवे फोल्डर, त्याला त्या दिवसाची तारीख. विंडोजमध्ये त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

```
robocopy D:\Kaam E:\2025-05-05 /E /R:1 /W:1 /LOG:E:\2025-05-05.txt
```

`/E` सगळे उपफोल्डर घेते, रिकामेसुद्धा. `/R:1 /W:1` विसरू नये. एरवी अडलेल्या फाइलसाठी हा प्रोग्राम दर ३० सेकंदांनी, दहा लाख वेळा प्रयत्न करत बसतो. संध्याकाळी लावलेली प्रत सकाळीही तिथेच अडकलेली दिसते ती यामुळेच. वरच्या उदाहरणात ५ मेचे फोल्डर उघडून हरवलेले फोल्डर जसेच्या तसे परत आणता येते. जाते ते फक्त ५ मेची प्रत काढल्यानंतर त्यात झालेले काम. तेवढेही परवडत नसेल तर प्रत रोज काढावी.

डिस्क दोन असाव्यात, आलटून पालटून वापरायच्या. दर आठवड्याला १२ जीबी धरले तर वर्षात प्रत्येकीवर २६ प्रती, म्हणजे ३१२ जीबी होतात. ५०० जीबीची डिस्क वर्षभर पुरते. प्रत झाली की डिस्क काढून ठेवायची. लावून ठेवलेल्या डिस्कवरच्या फायली रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीसाठी फायली अडवणारा प्रोग्राम, मूळ फायलींबरोबरच कुलूपबंद करतो.

दुसरी डिस्क कुठे ठेवायची हा प्रश्न कोल्हापुरात जरा वेगळा आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५० फुटांच्याही वर गेले. कार्यालय शाहूपुरीत आणि घर नदीकाठच्या दुसऱ्या गल्लीत असेल, तर ‘जागेबाहेर’ ही अट कागदावरच पूर्ण होते. डिस्क पुराच्या रेषेबाहेर, उंचावर राहणाऱ्या पाहुण्यांकडे ठेवलेली बरी. पण ती पावसाळ्याआधीच तिथे नेऊन न ठेवता आठवड्याच्या फेऱ्यात फिरती ठेवावी, नाहीतर जूनपासूनचे काम तिच्यावर नसते.

प्रत खरोखर झाली का, हे लॉगच्या शेवटच्या तक्त्यात कळते. FAILED या रकान्यात शून्य हवे. तिथे आकडा दिसला तर बहुधा कोणाची तरी फाइल उघडी राहिलेली असते. टॅली चालू असताना डेटाचे फोल्डर उचलले तर लॉगमध्ये सगळे ठीक दिसूनही अर्धवट नोंदींची प्रत मिळू शकते, म्हणून आधी टॅली सगळ्या संगणकांवर बंद करावे. महिन्यातून एकदा जुन्या तारखेचे एखादे फोल्डर दुसऱ्याच संगणकावर उतरवून त्यातली एखाद्या पक्षकाराची कंपनी टॅलीत उघडून पाहावी. फोल्डरचा आकार बरोबर असणे आणि फाइल उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डिस्क भरत आली की सर्वांत जुनी फोल्डरे काढावी लागतात. त्यात मार्चअखेरची प्रत मात्र काढू नये, कारण लेखापरीक्षणाचे प्रश्न तिच्याबद्दलच येतात आणि ते महिन्यांनी येतात.