आडनाव पाटील, पण कूळ कोणतं?

लग्नाची बोलणी सुरू झाली की एखादी म्हातारी आत्याबाई हमखास विचारते, "पाटील म्हणालात, पण मूळचे कोण? देवक काय तुमचं?" शहरात वाढलेल्या मुलाला हा खोचकपणा वाटतो. प्रश्न मात्र रास्त असतो, कारण पाटील हे कुळाचं नाव नाही, ते वतनाचं नाव आहे. एका गावची पाटीलकी मोऱ्यांकडे होती, शेजारच्या गावची जाधवांकडे. पुढे दोन्ही घरं कागदोपत्री पाटील झाली. देशमुख, कुलकर्णी, देशपांडे यांचीही हीच कथा.

आजच्यासारखं आडनाव कायमचं चिकटलं ते बऱ्याच अंशी इंग्रजी अमदानीत, महसुलाच्या आणि शाळेच्या दप्तरांत ते लिहिलं जाऊ लागल्यावर. त्याआधी माणूस कामावरून, हुद्द्यावरून किंवा गावावरून ओळखला जाई आणि ती ओळख एकाच घरात बदलतही असे. श्रीवर्धनच्या भट घराण्यातल्या बाळाजी विश्वनाथांना १७१३ साली पेशवेपद मिळालं आणि पुढे त्या घराण्याचं आडनावच पेशवे झालं. नीरेकाठच्या होळ गावावरून होळकर आले. म्हणजे नाव वरवर बदलत राहिलं. खाली टिकून राहिलं ते कूळ, आणि ते ओळखायच्या खुणा दोन: कुलदैवत आणि देवक.

या दोन्हींची गल्लत नेहमी होते. कुलदैवत म्हणजे घराण्याचा देव: जेजुरीचा खंडोबा, वाडी रत्नागिरीचा जोतिबा, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका. त्यावरून कूळ ठरत नाही, कारण एकेका दैवताच्या पदरात शेकडो कुळं आणि अनेक जाती आहेत. उलट कुलदैवतावरून कधी कधी जुन्या नात्याचा माग लागतो. चित्पावन कोकणातले, पण त्यांची कुलस्वामिनी योगेश्वरी थेट मराठवाड्यात, अंबाजोगाईला. हे असं का, याच्या दंतकथा बऱ्याच आहेत. त्यातली एकही मला पुरती पटलेली नाही.

देवक त्याहून नेमकं असतं. ते बहुधा झाड, वेल, पीस किंवा हत्यार असतं. मोऱ्यांचं मोरपीस, पवारांची तलवारीची धार, काही घरांत कळंबाची फांदी, तर कित्येकांकडे पंचपल्लव, म्हणजे आंबा, वड, पिंपळ, उंबर अशा पाच झाडांच्या डहाळ्या. ज्यांचं जे देवक, ते त्यांनी तोडायचं, जाळायचं किंवा खायचं नाही, असा जुना दंडक. ब्राह्मण घरांत सोयरीक जुळवताना जे काम गोत्र करतं, तेच काम मराठा, कुणबी, धनगर आणि इतर अनेक समाजांत देवक करतं: देवक एक, तर दोघं भाऊबंद, सोयरीक नाही.

आता त्या पाटलांकडे परत येऊ. मुलगा पाटील, मुलगीही पाटील, म्हणून घरचे बिचकले. चौकशीत निघालं की मुलाकडचे मूळचे मोरे, देवक मोरपीस; मुलीकडचे जाधव, देवक पंचपल्लव. अडचण मिटली. याच्या उलट भोसले आणि घोरपडे. आडनावं वेगळी, पण परंपरा घोरपड्यांना भोसल्यांचीच शाखा मानते, त्यामुळे जुन्या चालीची माणसं तिथे थांबतात. कायद्याला याचं सोयरसुतक नाही. सगोत्र असल्याचा अडसर १९४६ च्या कायद्यानेच दूर झाला आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात बंदी आहे ती सपिंड नात्याला, म्हणजे वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांपर्यंत.

लग्नाआधी देवक बसवतात. घरातलं एक जोडपं वाजतगाजत डहाळी आणतं, ती मांडवाच्या मेढीला बांधतात किंवा देवघरापाशी ठेवून पूजतात. देवक बसलं की ते उठेपर्यंत घराला सुतक लागत नाही असं मानतात. लग्नानंतर कुलदैवताप्रमाणे भवानीचा गोंधळ किंवा खंडोबाचं जागरण घातलं जातं आणि नवी नवरी सासरच्या कुळात धरली जाते. म्हणून तर तिला घेऊन आधी जेजुरीला जातात.

खरी पंचाईत होते ती गाव सोडून तीन पिढ्या झालेल्या घरात. अशा वेळी पुष्कळजण इंटरनेटवर आडनाव टाकून देवक शोधतात, आणि तिथेच फसतात. शहाण्णव कुळींच्या याद्याच एकमेकींशी जुळत नाहीत आणि एका आडनावात अनेक देवकं सापडतात. त्यापेक्षा मूळ गावची भावकी गाठावी. तिथले म्हातारे मांडवाला काय बांधतात, एवढंच विचारावं. तेही जमलं नाही तर नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे जावं. त्यांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या नोंदलेल्या असतात. फक्त जाताना आडनावाबरोबर मूळ गावाचं नाव आणि पणजोबांचं नाव माहीत हवं. नुसतं "पाटील" म्हटलं, तर गुरुजी आधी विचारतात, "कुठले?"