सीझियम-137 ची अडलेली वाट : कूरी आलेख आणि log ft

किरणोत्सार मोजणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेत सीझियम-137 चा एखादा छोटा स्रोत असतोच. त्याचा 662 केईव्हीचा (म्हणजे किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा) गामा किरण इतका ठळक असतो की नवा डिटेक्टर आला की आधी त्यावरच तपासतात. मात्र हा किरण निघतो याचेच खरे तर नवल वाटायला हवे. सीझियम-137 बीटा क्षयाने, म्हणजे केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर टाकून, बेरियम-137 मध्ये बदलते. थेट बेरियमच्या तळच्या पातळीवर उतरले तर 1176 केईव्ही ऊर्जा मोकळी होते. पण 100 पैकी सुमारे 94 केंद्रके त्या वाटेने जात नाहीत. ती फक्त 514 केईव्ही सोडून वरच्या एका पातळीवर थांबतात आणि उरलेले 662 केईव्ही मागाहून बहुधा गामाच्या रूपाने बाहेर पडतात. बीटा क्षयात एरवी जास्त ऊर्जेची वाट फार वेगाने चालते. इथे उलटे का?

याचे उत्तर दोन मोजमापांतून मिळते. पहिले मोजमाप वाट किती मंद आहे ते सांगते, दुसरे ती कोणत्या कारणाने मंद आहे ते.

आधी मंदपणा पाहू. नुसते अर्धायुष्य बघून काही कळत नाही, कारण कमी ऊर्जेचा क्षय त्या एका कारणानेच सावकाश होतो. म्हणून ऊर्जेचा आणि केंद्रकाच्या विद्युतभाराचा परिणाम f नावाच्या एका संख्येत गोळा करतात. मोकळी होणारी ऊर्जा इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो (काटेकोरपणे प्रतिन्यूट्रिनो) जितक्या जास्त तऱ्हांनी वाटून घेऊ शकतात, तितका f मोठा. त्या वाटेचे सेकंदांतले अर्धायुष्य t घेऊन f ने गुणले की ऊर्जेमुळे पडणारा फरक निघून जातो. उरतो तो केंद्रकाच्या आतला अडथळा. आकडे अवाढव्य येतात, म्हणून त्यांचा लघुगणक घेतात, आणि तोच log ft.

सीझियमचे अर्धायुष्य सुमारे 30 वर्षे, म्हणजे 9.5 × 10⁸ सेकंद. 94 टक्केवाल्या वाटेचे स्वतःचे अर्धायुष्य याला 0.94 ने भागून मिळते. ते सुमारे 10⁹ सेकंद, लघुगणक 9. या वाटेसाठी log f सुमारे 0.6. बेरीज 9.6. थेट वाटेने सहाच टक्के क्षय होतात, त्यामुळे तिचे अर्धायुष्य 1.6 × 10¹⁰ सेकंदांच्या आसपास, लघुगणक 10.2. तिचा log f मात्र 1.8 च्या घरात, कारण ऊर्जा दुपटीहून जास्त. बेरीज 12. दोन वाटांच्या log ft मध्ये सुमारे 2.4 चा फरक! ऊर्जेचा फायदा वजा केला तर थेट वाट दुसरीपेक्षा काही शे पटींनी अवघड आहे.

हा अडथळा कोनीय संवेगाचा. सीझियमच्या केंद्रकाचा स्पिन, म्हणजे स्वतःचा कोनीय संवेग, 7/2 आणि पॅरिटी, म्हणजे आरशातल्यासारखे उलटल्यावर चिन्ह टिकते की बदलते याची खूण, सम. बेरियमच्या वरच्या पातळीचा स्पिन 11/2 आणि पॅरिटी विषम, तर तळच्या पातळीचा 3/2 आणि पॅरिटी पुन्हा सम. दोन्हीकडे स्पिन दोनने बदलतो. इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनोचे स्वतःचे स्पिन मिळून जास्तीत जास्त एक एकक नेऊ शकतात. उरलेले त्यांना केंद्रकाभोवतीच्या कक्षीय गतीतून न्यावे लागते, आणि तिथेच सगळे अडते. सीझियमच्या केंद्रकाची त्रिज्या सहा फेमटोमीटरच्या आसपास असते. 514 केईव्हीच्या वाटेवर या कणांच्या संवेगाला त्रिज्येने गुणून ħ या क्वांटम स्थिरांकाने भागले तर उत्तर येते जेमतेम 0.02. शक्यता त्याच्या वर्गाने ठरते, म्हणजे काही हजारांत एक. म्हणून कक्षीय गतीचे एक एकक लागले की log ft साधारण तीनने वाढतो. विनाअडथळ्याच्या, म्हणजे 'अनुमत' क्षयांचा log ft बहुधा 4 ते 6 असतो. वरच्या पातळीकडे जाताना पॅरिटी बदलते, एक एकक पुरते, आणि ही वाट 'प्रथम निषिद्ध' ठरते. थेट वाटेत पॅरिटी बदलत नाही, पण कक्षीय गतीचे प्रत्येक एकक ती उलटवते, त्यामुळे एका एककावर भागत नाही. ती 'द्वितीय निषिद्ध'. निषिद्ध म्हणजे बंद नव्हे, फक्त विरळ.

दुसरे मोजमाप म्हणजे कूरी आलेख. हे कूरी म्हणजे मारी क्युरी नव्हेत, अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ फ्रांझ कूरी. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आलेख 1936 मध्ये वापरला. एन्रिको फर्मी यांच्या बीटा क्षयाच्या 1934 च्या सिद्धांतानुसार, अनुमत क्षयात संवेग p असलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या N ही p² F (E₀ − E)² च्या प्रमाणात असते. E ही इलेक्ट्रॉनची ऊर्जा, E₀ ही कमाल ऊर्जा, F हा केंद्रकाच्या ओढीचा परिणाम. तेव्हा

√(N / p²F)

ही राशी ऊर्जेसमोर मांडली की सरळ रेषा मिळायला हवी, आणि ती आडव्या अक्षाला नेमकी E₀ पाशी टेकायला हवी. वर्णपटाच्या टोकाला इलेक्ट्रॉन इतके थोडे असतात की ते टोक डोळ्यांनी ठरवता येत नाही, पण रेषा पुढे वाढवून ते सापडते.

सीझियमचा आलेख असा सरळ येत नाही. 514 च्या पुढे सहा टक्केवाल्या वाटेची अंधुक शेपटी उरते, आणि तिच्यावर 624 केईव्हीला एक टोकदार शिखर दिसते. ते बीटाचे नाही. बेरियमने 662 केईव्ही गामाऐवजी स्वतःच्याच आतल्या इलेक्ट्रॉनला दिल्याने बाहेर फेकलेले ते इलेक्ट्रॉन आहेत, आणि ते मोजणीतून वगळावेच लागतात. मग शेपटीचा आकार मागे 514 च्या खाली वाढवतात आणि एकूण मोजणीतून वजा करतात. उरतो तो मुख्य वाटेचा वर्णपट, आणि त्याचाही आलेख वाकडाच असतो. सुरुवातीची उंची 100 धरली तर निम्म्या ऊर्जेला सरळ रेषेवर 50 हवे होते, तिथे सुमारे 61 येते.

हा बाक अडथळ्याच्या प्रकारातूनच येतो. कक्षीय संवेग नेण्याची शक्यता कणांच्या संवेगावर अवलंबून असल्याने, जिथे स्पिन दोनने आणि पॅरिटीही बदलते तिथे वर्णपटाला p² + q² हा गुणक लागतो. इथे q न्यूट्रिनोचा संवेग. सीझियममध्ये हा गुणक सुरुवातीपेक्षा शेवटी जवळजवळ तिप्पट होतो. मोजलेल्या आकड्यांना त्याने भागून आलेख पुन्हा काढला की रेषा सरळ होते, आणि स्पिन-पॅरिटीचा अंदाज पक्का होतो.

मात्र प्रत्येक बाक निषिद्धतेचा नसतो. स्रोताचा थर जाड असेल तर इलेक्ट्रॉन त्यातच ऊर्जा गमावतात आणि कमी ऊर्जेकडे त्यांची गर्दी होते. तिथे आलेख रेषेच्या वर उचलला जातो. खुद्द कूरी यांच्या 1936 च्या मोजणीत आलेख फर्मीच्या सूत्राने सरळ आले नाहीत. कोनोपिन्स्की आणि उहलेनबेक या भौतिकशास्त्रज्ञांच्या पर्यायी सूत्राने ते अधिक सरळ आले, आणि काही वर्षे तेच बरोबर वाटले. पुढे पातळ स्रोत वापरल्यावर कमी ऊर्जेकडची गर्दी ओसरली आणि फर्मी बरोबर ठरले. त्यामुळे थराची जाडी बदलून पाहणे हीच खरी कसोटी. बाक जाडीबरोबर बदलला तर दोष स्रोताचा, तसाच राहिला तर गुण केंद्रकाचा.

log ft चेही असेच. कार्बन-14 चा log ft सुमारे 9, सीझियमच्या मुख्य वाटेच्या अगदी जवळ. एवढ्यावरून त्यालाही प्रथम निषिद्ध म्हणावेसे वाटेल. पण तिथे स्पिन 0 वरून 1 होतो, पॅरिटी बदलत नाही, म्हणजे नियमाने तो अनुमत आहे. त्याचा कूरी आलेखही जवळजवळ सरळ येतो. कार्बन-14 ला अडवणारे कारण वेगळे आहे. केंद्रकाच्या रचनेतून येणारे अधिक आणि उणे वाटे योगायोगाने एकमेकांना जवळपास पूर्ण खोडून टाकतात, आणि त्यामुळेच त्याचे अर्धायुष्य 5,730 वर्षांपर्यंत लांबते.