गायरानावर शेळ्या-मेंढ्यांची आळीपाळीने चराई: ग्रामसभेची मंजुरी कशी घ्यावी, कोणते कागद लागतात

गायरान सगळ्यांचे असल्यामुळे त्यावर आळीपाळीने चराई एकट्या मेंढपाळाला करता येत नाही. तुम्ही एक तुकडा महिनाभर मोकळा ठेवलात आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचा कळप त्यात शिरला, तर त्या विश्रांतीला काही अर्थ उरत नाही. म्हणूनच हे काम ग्रामसभेच्या ठरावाने करायचे असते. ठरावासाठीचा अर्ज टिकतो की नाही, हे मुख्यतः त्यातल्या एका हिशेबावर ठरते. तो हिशेब खाली सविस्तर दिला आहे.

अर्ज कोण करू शकतो

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 22 प्रमाणे गुरचरणासाठी जमीन राखून ठेवली जाते. कलम 23 प्रमाणे तिथे चराईचा हक्क ती जमीन ज्या गावाची किंवा गावांची आहे, तिथल्या जनावरांपुरता असतो. त्यामुळे अर्जदार गावातले पशुपालक असावेत. अर्ज एकट्याने न देता गायरानावर चारणाऱ्या सगळ्या कुटुंबांनी मिळून द्यावा. ज्यांच्याकडे दोनच शेळ्या आहेत त्यांची सहीही घ्या, कारण त्या दोन शेळ्याही बंद तुकड्यात शिरू शकतात.

बाहेरून फिरत येणारे कळप दरवर्षी येत असतील तर ते अर्जात लपवू नका. ते कोणत्या महिन्यात येतात, किती दिवस थांबतात, अंदाजे किती जनावरे असतात ते लिहा. त्या दिवसांत त्यांना चालू तुकड्यातच जागा द्यायची, विश्रांतीच्या तुकड्यात नाही, असे ठरावात यायला हवे.

कागदपत्रे

साध्या कागदावरचा अर्ज चालतो. त्याला गायरानाचा सातबारा, गाव नकाशाची प्रत आणि तुकडे आखलेला कच्चा नकाशा जोडावा. प्रत्येक तुकड्यातून पाण्यापर्यंतची वाट नकाशावर दाखवा. ती वाट विश्रांतीच्या तुकड्यांतून गेली, तर जनावरे जाता-येता तिथेच चरतात. हद्दी म्हणून नाला, पायवाट, बांध, झाडांची रांग असे जमिनीवर दिसणारे काहीतरी धरा.

दुसरा कागद जनावरांच्या यादीचा. कुटुंबाचे नाव, शेळ्या किती, मेंढ्या किती, पिल्ले किती आणि कानातल्या बिल्ल्यांचे क्रमांक. ही संख्या गोठ्यावर जाऊन मोजा. तोंडी विचारली की हमखास कमी सांगितली जाते आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो. तिसरा कागद म्हणजे चराईचे वेळापत्रक. ते कसे काढायचे ते आता पाहू.

वेळापत्रकाचा हिशेब

समजा, गायरान 24 हेक्टर आहे. त्यातला खडक, वाटा आणि पाण्याची जागा वगळून 20 हेक्टरवर गवत आहे. त्याचे 2 हेक्टरचे 10 तुकडे पाडले.

चारा मोजण्यासाठी एक मीटर लांब-रुंद चौकट घ्या. ती चांगल्या-वाईट अशा दहा जागी टाका, आतले गवत चार बोटे ठेवून कापा, वाळवा आणि तोला. सरासरी 100 ग्रॅम भरले, तर हेक्टरी 1000 किलो कोरडा चारा झाला. त्यातला निम्माच खायला द्यायचा, कारण उरलेल्या पानांच्या जोरावरच गवत पुन्हा फुटते. म्हणजे 2 हेक्टरच्या एका तुकड्यातून एका फेरीला 1000 किलो चारा मिळतो.

शेळी-मेंढी रोज वजनाच्या सुमारे 3 टक्के कोरडा चारा खाते. 30 किलोच्या जनावराला तुडवणीसह रोज एक किलो धरा. एका तुकड्यात 4 दिवस थांबायचे, तर रोज 250 किलो मिळतात, म्हणजे 250 जनावरे. दहा तुकडे फिरून यायला 40 दिवस लागतात आणि प्रत्येक तुकड्याला 36 दिवसांची विश्रांती मिळते.

आता यादीत 310 जनावरे निघाली, तर? बहुतेक जण इथे चुकतात. चारा तीन दिवसांतच संपतो, म्हणून मुक्काम 3 दिवसांचा करून टाकतात. पण मग विश्रांती 27 दिवसांवर येते, गवत पुरते वाढत नाही, पुढच्या फेरीला चारा आणखी कमी भरतो. विश्रांती कायम ठेवा आणि गायरानावरचा भार कमी करा. 60 जनावरे दुसरीकडे चारायची, नाहीतर सगळ्यांच्या रोजच्या चाऱ्यातला पाचवा हिस्सा गोठ्यात द्यायचा. यातले काय करणार ते अर्जात लिहा. हा मुद्दा मोकळा सोडला की भांडण ठरलेले.

पावसाळा संपल्यावर जमिनीत ओल उरत नाही. मग 36 दिवस थांबूनही गवत फुटत नाही, म्हणून उन्हाळ्यासाठी नवी मोजणी आणि वेगळी जनावरसंख्या लागते.

चार दिवस का, छत्तीस दिवस का

यामागे जंत आहेत. शेळ्या-मेंढ्यांच्या चौथ्या पोटात राहून रक्त पिणारा गोल जंत सर्वांत घातक. त्याची एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते आणि ती लेंड्यांतून कुरणात पडतात. उबदार, ओल्या हवेत त्या अंड्यांतून पुन्हा लागण करू शकणाऱ्या अळ्या तयार व्हायला साधारण चार ते सात दिवस लागतात. कळप चौथ्या दिवशी निघाला, तर आपल्याच लेंड्यांतल्या अळ्या तो फारशा खात नाही. मागे राहिलेल्या अळ्यांना तिथे खायला काही मिळत नाही. उष्ण हवेत अंगातला साठा लवकर संपतो आणि महिना-सव्वा महिन्यात बहुतेक मरतात. टोंगा बेटांवर दहा तुकड्यांत साडेतीन-साडेतीन दिवस शेळ्या फिरवून पाहिल्या, तेव्हा त्यांच्या लेंड्यांतली अंडी एकाच कुरणात राहिलेल्या शेळ्यांच्या निम्म्याहून कमी भरली.

याला मर्यादा आहेत. थंड, दमट दिवसांत अळ्या कित्येक महिने जगतात, तिथे 36 दिवस पुरत नाहीत. अशा वेळी मधल्या फेरीला गायी-म्हशी सोडाव्यात. शेळ्या-मेंढ्यांचे बहुतेक जंत त्यांच्या पोटात टिकत नाहीत, त्यामुळे अळ्या खाल्ल्या जाऊन कुरण हलके होते. मात्र शेळ्यांमागे मेंढ्या फिरवून उपयोग नाही, दोघींचे जंत तेच. बहुतेक अळ्या जमिनीलगतच्या दोन-तीन बोटांत असतात, म्हणून गवत चार बोटांवर आले की दिवस शिल्लक असले तरी कळप हलवावा.

सगळ्या कळपाला औषध पाजून लगेच ताज्या तुकड्यात नेऊ नका. औषधाला न जुमानणारे तेवढे जंत उरतात आणि त्या तुकड्यात त्यांचीच पैदास वाढते. डोळ्याची खालची पापणी आतून फिकट दिसणारी किंवा जबड्याखाली सूज आलेली जनावरे निवडून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्यांनाच औषध द्यावे.

मंजुरी आणि त्यानंतर

अर्ज ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या आणि विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर लेखी घालायला सांगा. गणपूर्तीसाठी 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. पशुपालक सकाळी कळप घेऊन बाहेर असतात, त्यामुळे सभेची वेळ आधी विचारून ठेवा. ठरावात तुकड्यांचे क्रमांक, मुक्कामाचे दिवस, जनावरांची कमाल संख्या आणि बंद तुकड्यात कळप आढळल्यास काय करायचे, या चारही गोष्टी शब्दशः याव्यात. फक्त "आळीपाळीने चराई करावी" एवढेच लिहिले, तर पुढे कोणालाच अडवता येत नाही.

ठरावाची सही-शिक्क्याची प्रत मिळाली की एक वही सुरू करा. कळप कोणत्या तारखेला कोणत्या तुकड्यात गेला, कधी निघाला आणि निघताना गवत किती बोटे होते, एवढे लिहायचे. पहिल्या फेरीआधी आणि तिसऱ्या फेरीनंतर त्याच दहा-पंधरा जनावरांच्या ताज्या लेंड्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या. अंडी कमी झाली नाहीत, तर आधी वही उघडून विश्रांतीचे दिवस मोजा.