फोटोवरची पांढरी अक्षरं नीट वाचता यावीत म्हणून

फोटोवर पांढऱ्या अक्षरांत मजकूर हवा, असं बहुतेक ग्राहक सांगतात. डिझाइन हाती आल्यावर मात्र काहींचा प्रश्न येतो, "फोटो खालच्या बाजूला काळसर का केलात?" ती काळसर छटा आम्ही मुद्दाम देतो. ती कशी आणि किती द्यायची, हे या माहितीपत्रकात एका उदाहरणावरून सांगितलं आहे.

समजा, कोकणातल्या एका होमस्टेची पोस्ट करायची आहे. आकार १०८० बाय १३५० पिक्सेल. फोटोत वर आकाश, मध्ये माडांची रांग आणि खाली वाळूवर पसरलेला पांढरा फेस. मजकूर दोन ओळींचा: "समुद्रकिनारी दोन दिवस निवांत" आणि त्याखाली "नाश्ता-जेवणासह बुकिंग सुरू". फेसावर पांढरी अक्षरं दिसणार नाहीत, हे उघड आहे. पण फेसाशेजारच्या ओल्या, गडद वाळूवरही ती धड वाचता येत नाहीत. तिथे फेसाच्या बारीक रेषा साधारण अक्षरांच्याच जाडीच्या असतात, त्यामुळे डोळ्याला अक्षर कुठलं आणि लाट कुठली ते पटकन कळत नाही. मराठीत याचा त्रास जास्त होतो, कारण आडवी लाट शिरोरेषेत मिसळते आणि "निवांत"वरचा अनुस्वार फेसाचा एखादा थेंब वाटतो.

संपूर्ण फोटो अंधारा केला तर अक्षरं वाचता येतील, पण ज्या आकाशासाठी आणि माडांसाठी तो फोटो निवडला तेच मरगळतील. म्हणून फोटो आणि मजकूर यांच्या मधल्या लेयरवर आम्ही ग्रेडियंट टाकतो: वर पूर्ण पारदर्शक, खाली येईल तसा गडद. मूळ फोटोला हात लागत नाही, आणि मजकूर बदलला तर ग्रेडियंट खालीवर करता येतो.

गडदपणा किती ठेवायचा, हे अंदाजावर सोडावं लागत नाही. वेबसाइट सर्वांना वाचता याव्यात यासाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमांत साध्या आकाराच्या अक्षरांना किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांना ३ : १ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि त्यामागचा भाग यांच्या उजळपणातला फरक, सांगितला आहे. अक्षरं पांढरी आणि फोटोतला भागही अगदी पांढरा असेल, तर पहिल्या मापासाठी मध्ये सुमारे ५४ टक्के काळा लागतो, दुसऱ्यासाठी सुमारे ४२. मराठीच्या वेलांट्या आणि मात्रा बारीक असतात, म्हणून मोठ्या अक्षरांनाही आम्ही पहिलंच माप लावतो आणि थोडी जास्तीची सोय ठेवून ६० टक्के धरतो.

खरी चूक होते ती ग्रेडियंटच्या जागेत. आपल्या पोस्टमध्ये मजकूर वरून १००० पिक्सेलवर सुरू होतो. ग्रेडियंट ७०० वर शून्यापासून सुरू करून तळाशी, १३५० वर, ८० टक्क्यांपर्यंत सरळ नेला, तर तळ छान गडद दिसतो. पण पहिल्या ओळीच्या माथ्याशी जेमतेम ३७ टक्के काळा पोचतो आणि नेमकी मोठी, महत्त्वाची ओळच फिकी पडते. म्हणून मध्ये एक टप्पा घालायचा: ७०० वर शून्य, ९८० वर ६० टक्के, १३५० वर ७५. टप्पा १००० ऐवजी ९८० वर घेतला, कारण वेलांट्या आणि अनुस्वार शिरोरेषेच्याही वर जातात.

दोन्ही टोकांना रंग एकच ठेवावा, फक्त ओपॅसिटी, म्हणजे तो रंग किती टक्के झाकतो ते, बदलावी. एका टोकाला काळा आणि दुसऱ्या टोकाला पारदर्शक पांढरा घेतला, तर मध्ये राखाडी धुकं दिसू शकतं. निव्वळ काळ्याने वाळू मळकट दिसत असेल, तर आम्ही फोटोतलाच गडद निळा घेतो. मात्र तो काळ्यापेक्षा उजळ असल्याने ओपॅसिटी थोडी वाढवावी लागते. एवढं करूनही फेसाच्या रेषा डोकावत असतील, तर गडदपणा वाढवत बसण्यापेक्षा तेवढाच भाग किंचित ब्लर केलेला बरा.

तपासणी तुम्हालाही करता येते. मोबाइलचा ब्राइटनेस कमी करा, पोस्ट लहान करून हातभर अंतरावरून बघा आणि पहिल्या ओळीतला प्रत्येक अनुस्वार दिसतो का ते पाहा. आम्ही डिझाइन ग्रेस्केल, म्हणजे कृष्णधवल, करून पहिल्या ओळीमागचा सर्वांत उजळ ठिपका आयड्रॉपर या रंग मोजणाऱ्या साधनाने मोजतो. काळा ० आणि पांढरा २५५ धरला, तर त्याचा आकडा ११८ च्या वर नको.

फोटोच्या तळाशीच माणसांचे चेहरे असतील, तर तिथे ग्रेडियंट देऊ नये. चेहरे काळवंडतात. अशा वेळी मजकूर वर घेऊन ग्रेडियंट उलटा करतो, किंवा फोटोखाली वेगळी पट्टी देतो.

काम देताना मूळ फोटो द्या, व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून. मजकूर वेगळा टाइप करून द्या, फोटोवर आधीच लिहिलेला नको. आणि डिझाइन मोबाइलसाठी आहे की मागून दिवे असलेल्या बोर्डासाठी, तेही आधी सांगा. मागून उजेड आला की गडद भाग फिका पडतो, म्हणून त्या बोर्डासाठी ग्रेडियंट वेगळा करून आधी छोटा नमुना छापून दाखवतो.