इनसायडर ट्रेडिंग

कंपनीच्या आतल्या गोटातली, जाहीर होताच भाव हलवील अशी माहिती जाहीर होण्याआधीच वापरून शेअरची खरेदी-विक्री करणे, किंवा ती दुसऱ्याच्या कानावर घालणे, म्हणजे इनसायडर ट्रेडिंग. भारतातील शेअरबाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या भाषेत ही ‘अप्रकाशित किंमत-संवेदनशील माहिती’.

२३ सप्टेंबर २००८. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडून जेमतेम आठवडा झाला होता. तशाच गोल्डमन सॅक्स या बँकेच्या संचालकांनी फोनवरच्या बैठकीत वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेकडून पाच अब्ज डॉलर घ्यायला मंजुरी दिली. न्यूयॉर्कचा बाजार चारला बंद होतो; बैठक त्याच्या काही मिनिटे आधी संपली. संचालक रजत गुप्ता यांनी मिनिटभरातच बड्या गुंतवणूकदारांचे पैसे फिरवणाऱ्या गॅलियन या हेज फंडाच्या राज राजरत्नम यांना फोन लावला. चारच्या आत गॅलियनने गोल्डमनचे सुमारे २.७ कोटी डॉलरचे शेअर उचलले. बातमी संध्याकाळी फुटली, आणि दुसऱ्या दिवशी ते विकून आठ लाख डॉलरहून जास्त नफा झाला.

यात फसले कोण? ज्यांनी त्या मिनिटांत शेअर विकले, ते तसेही विकणारच होते. गॅलियन नसते तर दुसऱ्या कोणाला, कदाचित किंचित कमी भावाने. हा बचाव जुना आहे आणि त्या एका सौद्यापुरता खराही आहे. पण पेढीच्या मुनीमाने गल्ल्यातले पैसे सट्ट्यावर लावून संध्याकाळी परत ठेवले, तर हिशेब जुळतो म्हणून ती अफरातफर नव्हे असे कोणी म्हणत नाही. बफेंची बातमी बँकेची होती. गुप्तांकडे ती संचालक म्हणून विश्वासाने आली होती.

नुकसानही होतेच, फक्त ते पातळ पसरते. बाजारात काही दलाल सतत खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन्ही भाव लावून बसतात. मधला फरक ही त्यांची कमाई. समोरचा जाणता आहे की अजाण, हे त्यांना कळत नाही. जाणत्यांकडून मार बसू लागला की ते फरक वाढवतात. समजा तो दहा पैशांनी वाढला आणि मुलीच्या फीसाठी कोणी शंभर शेअर विकले, तर निम्मा वाढीव फरक, म्हणजे पाच रुपये, त्याच्या खिशातून जातात. त्याला ते कळतही नाही, मग तक्रार कोण करणार? म्हणून फिर्याद नियामकालाच करावी लागते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शेअरबाजार असलेल्या १०३ देशांपैकी ८७ देशांत कायदा होता, पण खटला फक्त ३८ देशांत भरला गेला होता. नुसत्या कायद्याने कंपन्यांचा भांडवल उभारण्याचा खर्च घटला नाही. पहिल्या खटल्यानंतर घटला.

गुप्तांनी स्वतः त्या दिवशी एकही शेअर घेतला नव्हता आणि तो फोन ध्वनिमुद्रितही झाला नव्हता. फोनच्या नोंदी आणि सौद्यांच्या वेळा शेजारी ठेवून पुरावा उभा राहिला. ज्यूरीने २०१२ मध्ये त्यांना दोषी ठरवले. शिक्षा दोन वर्षांची झाली.