स्लाइडची यादी आणि नव्वद मिनिटांचा अजेंडा

परीक्षेच्या आधी विश्रामबागेतल्या आमच्या खोलीवर चौघं जमायचो. पहिल्यांदा मीच वेळापत्रक लिहिलं. सीपीयू शेड्युलिंगच्या, म्हणजे प्रोसेसरवर कुठली प्रोसेस कधी चालवायची याच्या, युनिटच्या ४५ स्लाइड होत्या आणि हातात ९० मिनिटं, म्हणून स्लाइडमागे दोन मिनिटं धरली. कागदावर सगळं बसलं, पण तो अजेंडा नव्हता. ती स्लाइडची यादीच होती, फक्त शेजारी वेळ लिहिलेली.

दोन्ही दिसायला सारखीच असतात, म्हणून घोळ होतो. यादीत ‘राउंड रॉबिन, १० मिनिटं’ एवढंच असतं. अजेंड्यात त्या वेळात प्रत्येकाने काय करायचं आणि शेवटी कागदावर काय उतरलेलं असेल, हेही असतं. यादी केली की एकजण स्लाइड वाचतो आणि बाकीचे माना डोलावतात.

शिवाय स्लाइडची संख्या आणि लागणारा वेळ यांचा मेळ बसत नाही. व्याख्यांच्या बारा स्लाइड घरी वाचून येता येतात. राउंड रॉबिनचं, म्हणजे प्रत्येक प्रोसेसला आळीपाळीने ठरावीक वेळ देण्याच्या पद्धतीचं, उदाहरण मात्र एकाच स्लाइडवर असतं आणि अर्धा तास खातं. आम्ही घेतलेलं गणित असं: पी१, पी२, पी३ या प्रोसेस अनुक्रमे ०, १, २ या वेळेला येतात, बर्स्ट टाइम, म्हणजे प्रत्येकीला लागणारा वेळ, ५, ३, १ आणि क्वांटम, म्हणजे एका पाळीचा वेळ, २. दोनच्या ठोक्याला पी१चा क्वांटम संपतो आणि त्याच क्षणी पी३ येतो. रांगेत आधी कोण? नवा आलेला आधी घेतला, तर पी३ पाचव्या क्षणी संपतो आणि त्याची प्रतीक्षा २ येते. पी१ आधी घेतला, तर पी३ सातव्या क्षणी संपतो आणि प्रतीक्षा ४ होते. पी१ आणि पी२ची प्रतीक्षा दोन्हीकडे ४च राहते, त्यामुळे सरासरी एकदा ३.३३, एकदा ४. चौघांची उत्तरं जुळली नाहीत तेव्हाच हे कळलं. नियम कुठला धरला ते उत्तरपत्रिकेत लिहायचं, असं तिथंच ठरलं.

म्हणून पुढच्या वेळी आधी स्लाइडवर खुणा केल्या: घरी वाचायच्या, आठवून काढायच्या, सोडवायच्या. मग वेळ वाटला. पहिली ५ मिनिटं प्रत्येकाने कुठं अडलं ते सांगायचं. १५ मिनिटं स्लाइड बंद करून प्रोसेसच्या पाच अवस्थांची आकृती काढायची आणि बाण तपासायचे. ३० मिनिटं राउंड रॉबिन, त्यातली पहिली १२ एकट्याने, न बोलता. मग ५ मिनिटं चहा. २० मिनिटं एसजेएफचा, म्हणजे सगळ्यात छोटं काम आधी घेण्याच्या पद्धतीचा, प्रीएम्प्टिव्ह प्रकार, १० मिनिटं मागच्या पेपरातला एक प्रश्न, शेवटची ५ राहिलेलं वाटून घ्यायला.

ती बारा मिनिटं मोडू देऊ नका. कुणी मध्येच उत्तर बोललं की बाकीचे त्याच्यामागे जातात आणि रांगेतला घोळ दिसतच नाही. आणि राउंड रॉबिन लांबलंच, तर चहाच्या आधी थांबून एसजेएफमधली दहा मिनिटं तिकडे वळवा. पेपरातला प्रश्न कापू नका, कारण हात कुठं अडखळतो ते तिथंच दिसतं.