पगारकपात की कामगारकपात? बचत तेवढीच, तरी मालक माणसेच का कमी करतो

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची मागणी नरमली, की पुढच्याच सौद्यात दर उतरतो. कुपवाड एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये तसे होत नाही. ऑर्डरी घटल्या तरी पगार जागचा हलत नाही, हलतात ती माणसे. मागणी पडूनही पगार किंवा किंमत खाली न येणे, याला ताठरता म्हणतात.

समजा, ट्रॅक्टरचे सुटे भाग करणाऱ्या शॉपमध्ये 40 कामगार आहेत, प्रत्येकी पगार 20,000 रुपये. महिन्याचे 8 लाख. काम 20 टक्क्यांनी घटले. सगळ्यांचा पगार 16,000 केला तर 1 लाख 60 हजार वाचतात. आठ जणांना कमी केले तरी तेवढेच वाचतात. कागदावर दोन्ही सारखे, आणि कपात सगळ्यांनी वाटून घेणे माणुसकीचेही वाटते.

फरक दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये दिसतो. पगार कापला की सगळ्यात आधी जातो तो संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनची जुळणी करणारा चांगला सेटर, कारण त्याला शेजारच्या प्लॉटवर 20,000 सहज मिळतात. मागे राहतात ते दुखावलेले. मग तयार भाग रिजेक्ट होण्याचे प्रमाण वाढते, सेटिंगला वेळ लागतो, रजा वाढतात. माणसे कमी केली, तर कोण जाणार हे मालक ठरवतो आणि राग बराचसा गेटबाहेर जातो. अमेरिकेत 1990च्या दशकातल्या मंदीत अर्थतज्ज्ञ ट्रूमन ब्यूली यांनी तीनशेहून अधिक मुलाखती घेतल्या, त्यात मालकांनी मुख्य कारण हेच सांगितले: कामगारांचे मन मोडण्याची भीती. उरलेल्यांना धास्ती बसतेच, पण पगारकपातीची जखम दर महिन्याला पगाराच्या दिवशी ओली होते.

दुसरे कारण किमतीतले. 100 रुपयांच्या भागात मजुरी 15 रुपये धरली, तर 20 टक्के पगारकपातीने खर्च फक्त 3 रुपयांनी उतरतो. मोठ्या ग्राहकाशी दर बहुधा वर्षभरासाठी ठरलेला असतो. तो 3 रुपयांनी उतरवला, तरी ट्रॅक्टरच खपत नसताना ऑर्डर येणार कुठून? 32 जणांचे काम 40 जणांत वाटले जाते, एवढेच.

म्हणून उतरंड ठरलेली असते. आधी ओव्हरटाइम बंद, मग कंत्राटी कामगार, शेवटी कायम कामगार. कंत्राटी माणसावर पहिला घाव पडतो तो त्याचे काम वाईट म्हणून नव्हे. त्याला काढणे सोपे आणि स्वस्त म्हणून. हे अन्यायाचे आहे.

पगारकपात आणि पगारवाढ थांबवणे, यांतही गल्लत होते. महागाई 6 टक्के असताना दोन वर्षे वाढ दिली नाही, तर 20,000ची खरेदीशक्ती सुमारे 17,800 उरते. म्हणजे 11 टक्के कपात झालीच. पण पगारपत्रकावर आकडा तोच दिसतो, म्हणून कुरकुर होते, संप सहसा होत नाही. उघड कपात कामगार मान्य करतात ती मुख्यतः कारखाना बंद पडायला आल्याचे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते तेव्हा, आणि तीही साहेबांच्या पगारापासून सुरू झाली तर.